खरेदीचा भाव

माझे भाऊजी ग्यानीराम रहांगडाले यांना साप दिसला तर ते बाजूला होऊन त्याला वाट देत. रानडुक्कर धानात शिरलं तर टॉर्च घेऊन एकटे जात. पण दोन हजार तेराच्या ऑगस्टमध्ये मी त्या माणसाला टीव्हीच्या खाली पळणाऱ्या पट्टीला घाबरताना पाहिलं. पट्टीवर डॉलरचा भाव यायचा. तो आला की भाऊजी पोटावर हात ठेवायचे आणि माझी बहीण कुंता टीव्ही बंद करायची. मग भाऊजीच उठून पुन्हा लावायचे.

मी उदाराम पटले. आमगावला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. भाऊजींचं गाव तिथून सालेकश्याच्या वाटेवर. पाच एकर धान, दोन म्हशी, आणि एकुलती एक पोरगी, रुचि. ही पोरगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, पण इथल्या मेडिकलला तिचा नंबर थोडक्यात हुकला. गोंदियाच्या एका एजंटाने भाऊजींना किर्गिझस्तान नावाचा देश सांगितला. तिथं डॉक्टर होता येतं आणि खर्च इथल्या खाजगी कॉलेजच्या पाव हिश्श्यात. भाऊजींनी शाळेच्या नकाशात तो देश शोधला, सापडला तेव्हा "लय दूर नाई" म्हणाले, आणि पोरीला पाठवलं. आमच्या पोवार समाजाच्या बेचाळीस गावांत ती पहिलीच पोरगी विमानात बसलेली. गावाने हार घातले. आता ती नापास झाली तरी चालेल, पण फीवाचून परत आली तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, हे भाऊजींनी तेव्हाच ओळखलं होतं.

पहिल्या वर्षाची फी एजंटाने नेली. किती नेली आणि तिथं किती भरली, हा हिशेब त्याने कधीच दिला नाही. दुसऱ्या वर्षी तो वर पंचवीस हजार मागायला लागला, तेव्हा भाऊजी चिडले. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो. "मी सोता पाठवतो पैसे. बँक का फक्त एजंटासाठीच हाय?" असं म्हणून त्यांनी एजंटाचं नाव टाकलं.

फी आणि होस्टेल मिळून साडेतीन हजार डॉलर. एक सप्टेंबरच्या आत कॉलेजच्या खात्यात पूर्ण जमा नसले तर रुचिचं नाव पटावरून जाणार, आणि कॉलेजने पत्र दिलं नाही की तिचा व्हिसाही वाढणार नाही. म्हणजे पोरगी घरी. भाऊजींची मुदत ठेव मोडून हातात दोन लाख पंचवीस हजार आले होते. ऑगस्टच्या सुरुवातीला डॉलर एकसष्टच्या आसपास होता. तेव्हाच पाठवले असते तर सगळं भागून वर काही उरलंही असतं.

पण भाऊजी धानवाले. धानाच्या भावाशी जन्मभर झुंजलेल्या माणसाला एकच डाव ठाऊक असतो, थांबायचा. भाव आपल्या मनाजोगा नसला की पोती घरात ठेवायची आणि वाट पाहायची. "चढला हाय तं उतरल," ते म्हणाले. "चढलेलं सारं उतरतेच." मी म्हणालो, भाऊजी, हा डॉलर आहे, ताप नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सायकलींकडेच लक्ष द्यावं.

डॉलर बासष्ट झाला. त्रेसष्ट झाला. राखीला मी बहिणीकडे गेलो तर ओवाळता ओवाळताच तिने विषय काढला. "तू तरी सांग त्यायले," ती हळूच म्हणाली. "माणूस रातभर कूस बदलून राहिला." चौसष्ट झाला तेव्हा भाऊजी माझ्या दुकानात आले, न विचारता स्टुलावर बसले आणि म्हणाले, "उदाराम, मले भेव लागून राहिला."

त्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

सोमवारी आम्ही दोघं गोंदियाच्या बँकेत गेलो. परदेशी व्यवहार पाहणारा साहेब हिंदी-मराठी मिसळून बोलणारा, पण माणूस सज्जन. त्याने कागदावर सगळं मांडून दिलं. आजचा भाव पासष्ट रुपये वीस पैसे. साडेतीन हजारांचे झाले दोन लाख अठ्ठावीस हजार दोनशे. त्यावर बँकेचं कमिशन पाचशे, सर्व्हिस टॅक्स, आणि रस्त्यात ज्या परदेशी बँकेतून पैसा जातो तिचा खर्च तेराशे. हा खर्च इथंच भरला तर कॉलेजला पूर्ण साडेतीन हजार मिळतील, नाहीतर रस्त्यातली बँक वीस-पंचवीस डॉलर कापून घेईल. एकूण दोन लाख तीस हजार दोनशे सत्तर.

"और एक बात," साहेब म्हणाला, "कागद आज घेतो, पण सौदा नागपूरच्या शाखेतून होतो. सौद्याच्या वेळी जो भाव असेल तो तुमचा."

भाऊजींकडे पाच हजार दोनशे सत्तर कमी. मी म्हणालो, मी दुकानातून दोन-तीन हजार काढतो. ते उठूनच उभे राहिले. जावयाने साळ्याकडून पैसे घ्यायचे नसतात, हा त्यांचा नेम. नेम चांगला असतो, पण वेळ पाहून येत नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा काढला. नागपूरच्या सीताबर्डीवरच्या एका परवानाधारक मनी चेंजरची जाहिरात. परदेशी फी पाठवा, कमिशन शून्य. मी म्हणालो, शून्य म्हणणारा माणूस काही धर्मशाळा चालवत नसतो. आवळा देऊन कोहळा काढणारे पुष्कळ असतात. पण भाऊजींनी फोन लावला होता. पलीकडून मुलीचा आवाज आला.

भाऊजींनी शहरी माणसासाठी ठेवलेली हिंदी काढली. "मॅडम, डालर का खरेदी का भाव क्या चल रहा है?"

"यूएसडी बाईंग? त्रेसठ बीस, सर."

"और कमिशन?"

"कमिशन नहीं लगता, सर. सिर्फ सर्व्हिस टॅक्स, दो सौ के आसपास."

भाऊजींनी फोन ठेवला आणि त्यांचा चेहरा उजळला. बँकेत पासष्ट वीस, इथं त्रेसष्ट वीस. साडेतीन हजारांवर सात हजारांचा फरक, वर कमिशन नाही. दोन लाख एकवीस हजार चारशे. म्हणजे ठेवीच्या पैशात बसतं, आणि वर साडेतीन हजार उरतात. माझ्याही डोक्यात काही आलं नाही. उलट मी म्हणालो, आपण उगाच मनी चेंजरवाल्याला नावं ठेवली.

चेंजरकडे पन्नास हजारांच्या वर रोख चालत नाही. म्हणून त्यांनी पुन्हा फोन करून दुकानाचं नाव अक्षर-अक्षर लिहून घेतलं आणि बँकेतून त्या नावाचा दोन लाख एकवीस हजार पाचशेचा डिमांड ड्राफ्ट काढला. तो ड्राफ्ट त्यांनी पिशवीत नाही, बनियनच्या आतल्या खिशात ठेवला. कुंताने त्या दिवशी किती दिवसांनी भाजीत मीठ बरोबर घातलं म्हणे.

मंगळवारी सकाळच्या गाडीने आम्ही नागपूरला निघालो. तिरोडा गेलं, तुमसर गेलं. भाऊजी दर थोड्या वेळाने छातीवर हात नेऊन ड्राफ्ट चाचपत होते. समोरच्या बाकावर एक व्यापारी मोबाइलवर बोलत होता, "छासठ हो गया, भाई, छासठ." मी भाऊजींकडे पाहिलं नाही. सोनं असेल, म्हटलं, नाहीतर तुरीची डाळ.

सीताबर्डीवर दुसऱ्या मजल्यावर ते दुकान. काचेचं दार, आत थंड हवा, आणि भिंतीवर लाल आकड्यांचा बोर्ड. प्रत्येक देशाच्या झेंड्यासमोर दोन आकडे. अमेरिकेच्या झेंड्यापुढं एका बाजूला चौसष्ट चाळीस, दुसऱ्या बाजूला सदुसष्ट साठ. वर इंग्रजीत बाईंग आणि सेलिंग.

"एक रुपया वीस पैसे चढला," भाऊजी हळूच म्हणाले. काल त्रेसष्ट वीस, आज चौसष्ट चाळीस. तेवढ्यानेही चार हजार दोनशे वाढत होते, आणि एकूण ठेवीच्या पैशाच्याही सहाशेने वर जात होतं. त्यांच्या कपाळावर थंड हवेत घाम आला. त्यांनी काउंटरवरच्या मुलीसमोर सगळं मांडलं. अर्ज, पॅनकार्ड, रुचिच्या पासपोर्टची झेरॉक्स, कॉलेजचं पत्र, आणि बनियनमधून ओलसर झालेला ड्राफ्ट.

मुलीने कॅल्क्युलेटर चालवला. "काका, दोन लाख छत्तीस हजार सहाशे, अधिक टॅक्स. ड्राफ्ट कमी आहे."

"चौसष्ट चाळीसनं लावा ना, ताई. काल फोनवर खरेदीचा भाव इचारूनच आलो."

"तो बाईंग आहे, काका. तुम्हाला सेलिंग लागतो. सदुसष्ट साठ."

"पण घेऊन तं मी राहिलो. डालर मी घेऊन राहिलो ना? मंग खरेदी माझी नाई का?"

मुलगी हसली नाही, याचं मला आजही बरं वाटतं. तिने समजावलं. "खरेदी म्हणजे आम्ही खरेदी करतो तो भाव. परदेशातून कोणी डॉलर आणून विकतो, त्याला आम्ही चौसष्ट चाळीस देतो. तुम्हाला आम्ही विकतो, सदुसष्ट साठने. काल फोनवर तुम्ही खरेदीचा भाव विचारला, म्हणून तो सांगितला असेल."

मी मान खाली घातली आणि मला आमगावच्या धान केंद्रावरची पाटी दिसली. खरेदी दर. तीच एक पाटी भाऊजींनी जन्मभर वाचली होती, आणि तोच त्यांचा भाव होता, कारण तिथं ते विकणारे होते. धान विकून विकून खरेदी हा शब्द त्यांच्या कानात "आपला भाव" असाच बसला होता. घेणारा कधी ते झालेच नव्हते. आता झाले, तर शब्द उलटला. यात मूर्खपणा नव्हता. पण पोरीचं वर्ष जाणार असेल तर मूर्खपणा नव्हता म्हणून काय उपयोग?

भाऊजी खुर्चीवर बसले. मी पाणी आणलं, ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं.

मी घाबरलो की मला राग येतो. रागाच्या भरात मी खाली उतरलो आणि चौकातल्या मोठ्या बँकेत जाऊन भाव विचारला. सदुसष्ट रुपये पंधरा पैसे. त्यावर कमिशन, टॅक्स आणि परदेशी बँकेचा खर्च मिळून दोन हजार सत्तर. एकूण दोन लाख सदतीस हजार पंच्याण्णव. पुन्हा वर आलो. मुलीला विचारलं, "तुमच्या सदुसष्ट साठमध्ये तिथं पूर्ण पोचतील का?"

"रस्त्यातली बँक कापू शकते. पूर्ण पोचवायचे तर बाराशे वेगळे."

म्हणजे दोन लाख छत्तीस हजार सहाशे, टॅक्स दोनशे, वर बाराशे. दोन लाख अडतीस हजार. बँक नऊशेने स्वस्त. कमिशन बँकेत दिसत होतं, इथं ते भावातच मुरवलेलं होतं. आदल्या दिवशीच दोघांना एकच प्रश्न विचारायला हवा होता, की साडेतीन हजार तिथं पोचवायला माझ्या खिशातून एकूण किती जातील. पण आता ते कळून फायदा नव्हता. ड्राफ्ट चेंजरच्या नावाचा. रद्द करायचा तर गोंदियाला परत, म्हणजे उद्या. आणि उद्याचा भाव?

"सकाळपासून दोनदा बोर्ड बदलला," मुलगी म्हणाली. "मी हा भाव तुमच्यासाठी अर्धा तास धरून ठेवू शकते. त्याच्या पुढं माझ्या हातात नाही."

पैसा पोचायला दोन-तीन दिवस. मंगळवार तो. आज गेला नाही तर शनिवार-रविवार आडवे येणार, आणि रविवारीच एक तारीख. भाऊजी बोर्डकडे पाहत होते. तो लाल आकडा बदलेल या भीतीने त्यांनी पापणीही लववली नाही असं मला वाटलं. ते पुटपुटत होते, "पोरीले का सांगू? पोरीले का सांगू?"

मी म्हणालो, "आहे तेच सांगा. ड्राफ्टात जेवढे बसतात तेवढे आज पाठवू. बाकीचं तिला तिथं कोणाकडून काही जमतं का बघू." मुलीने हिशेब केला. टॅक्स कापून तीन हजार दोनशे त्र्याहत्तर डॉलर. कमी पडत होते दोनशे सत्तावीस. रुपयात पंधरा हजारांच्या वर. माझ्या खिशात अठराशे, भाऊजींचे उरलेले साडेतीन हजार घरी कुंताजवळ.

फोन मीच लावला, कारण भाऊजींचे डोळे बोर्डावरून हलत नव्हते. रुचिने उचलला. मी सांगितलं, भावात गडबड झाली, सव्वादोनशे कमी पडतात, कॉलेजात कोणाला विनंती करून थोडी सवलत मिळते का बघ.

ती घाबरली नाही. चटकन म्हणाली, "मामा, माझ्याजवळ दोनशे चाळीस आहेत. तुम्ही आहेत तेवढे पाठवा. बाकीचे मी इथल्या बँकेत कॉलेजच्या खात्यावर भरते. बाबांना सांगा, टेन्शन घेऊ नका."

मी भाऊजींना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडले, त्या काचेच्या दुकानात, झेंड्यांच्या समोर. रस्त्यातल्या कापाकापीचे बाराशे त्यांनी खिशातून भरले. काउंटरवरच्या मुलीने शिक्का मारलेला कागद दिला. बुधवारी टीव्हीवर डॉलर अडुसष्टच्या वर गेला, तेव्हा कुंताने देवापुढं नारळ फोडला. शुक्रवारी संध्याकाळी रुचिचा निरोप आला, फी पूर्ण जमा, पत्र मिळालं, व्हिसाचा अर्ज दिला.

मी त्या रात्री त्यांच्याच घरी होतो. गोडाचं झालं, भाऊजींनी गावातल्या दोघांना मुद्दाम बोलावून सांगितलं की पैसे मी सोता पाठवले, एजंटाशिवाय. पाहुणे गेले. कुंता भांडी आवरता आवरता थांबली.

"दोनशे चाळीस डालर कुठून आले तिच्याजवळ?"

"बचत केली असंल," मी म्हणालो. "जाताना आपण एजंटाकडून घेऊन हजार डॉलर रोख दिले होते ना, वर्षाच्या खाण्याचे."

कुंता बोटांवर मोजू लागली. मोजायला तिला वेळ लागला. हजारातून दोनशे चाळीस गेले की उरतात सातशे साठ, म्हणजे दिवसाला जेमतेम दोन डॉलर. वर्ष सरलं. "तिथं मेस नाई म्हणे," ती म्हणाली. "फोनवर तं सांगे, रोज भात शिजवतो, दोन वेळा जेवतो. मैत्रिणी मिळून करतो म्हणे."

भाऊजींनी उठून स्वतःच फोन लावला, स्पीकरवर. रुचि खुशीत होती. सांगू लागली, नवीन विषय कोणते, सर कसे. भाऊजींनी तिला मध्येच थांबवलं.

"रुचि, तिथं तांदूळ का भाव हाय?"

"काय, बाबा?"

"बेटा, तांदूळ. किलोचा भाव का हाय तिथं?"

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. आणि मग घाईघाईने, "मैत्रीण आणते ना. मी नाही आणत."

भाऊजींनी फोन माझ्या हातात दिला. "रोज भात शिजवते म्हणे, अन् तांदळाचा भाव ठाऊक नाई," ते कुंताला हळूच म्हणाले. "पोरगी उपाशी राहिली."